यतीम मुलांची पेन्शन आणि वली कोण?

आमच्या स्टाफरूममध्ये एक समजूत इतकी पक्की आहे की कुणी ती तपासायलाही जात नाही. आई-वडील नसलेल्या मुलांना पेन्शन असेल तर ती अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मिळते, आणि चाचा किंवा ताया असेल तर तोच ती उचलतो. दोन्ही गोष्टी चूक आहेत. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरात या दोन चुकीच्या समजुतींमुळे तीन भावंडांचं नुकसान होत होतं. ते प्रकरण मी जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

मुलाचे वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कायम कामगार होते. २०१८मध्ये ते नोकरीत असतानाच वारले. पीएफ कापला जात असल्यामुळे त्यांच्या कुटुंबाला १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन सुरू झाली. पीएफमधला आपला हिस्सा सगळ्यांना माहीत असतो. पण मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या फंडात जातात, आणि कामगार नोकरीत असताना वारला तर त्याची बायकामुलं त्या पेन्शनची हकदार होतात, हे बऱ्याच घरांना मय्यत झाल्यावरच कळतं. या घरात अम्मीला महिना २,४०० रुपये बेवा पेन्शन ठरली. या योजनेत सोबत मुलांनाही पेन्शन असते. बेवा पेन्शनच्या पंचवीस टक्के, म्हणजे इथे ६०० रुपये, आणि एका वेळी दोनच मुलांना. घरात मुलं तीन. म्हणून मोठ्या मुलीचे ६०० आणि मधल्या मुलाचे ६००. धाकटीला काही नाही, ती रांगेत. एकूण ३,६०० रुपये अम्मीच्या खात्यात यायचे.

जुलै २०२२मध्ये अम्मीही गेली. तेव्हा मोठी मुलगी २१ वर्षांची, मधला १५चा, धाकटी ८ची. मधला माझ्याकडे नववीत होता. मुलं नानीकडे राहायला गेली. नानीचं घर आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीतच आहे.

आता हिशेब बघा, तो मला फार विलक्षण वाटला. बेवा हयात नसली, किंवा तिने दुसरा निकाह केला, तर तिची पेन्शन बंद होते आणि मुलं योजनेच्या भाषेत 'अनाथ' ठरतात. (आई जिवंत असूनही पेन्शनच्या कागदावर मूल यतीम होऊ शकतं, हे पहिल्यांदा वाचताना मी थबकले होते.) अनाथ पेन्शन बेवा पेन्शनच्या पंच्याहत्तर टक्के असते, प्रत्येक मुलाला, आणि पुन्हा एका वेळी दोघांनाच, थोरल्यापासून धाकट्याकडे. २,४००चे पंच्याहत्तर टक्के १,८००. दोघांचे मिळून ३,६००. म्हणजे घरात येणारी रक्कम तितकीच राहिली. फरक एवढाच, की ती आता अम्मीच्या नावाची राहिली नाही, दोन मुलांच्या नावाची झाली. अर्थात हे मुलं दोन किंवा जास्त असतील तर. एकच मूल असेल तर घरातली रक्कम निम्म्याजवळ येते. २,४०० अधिक ६०० म्हणजे ३,०००, त्याचे होतात १,८००. रक्कम फारच छोटी निघत असेल तर अनाथ मुलाला किमान ७५० रुपये ठरलेले आहेत. त्याच्या खाली जात नाही. आणि या पेन्शनला महागाई भत्ता नाही. २०२२चे १,८०० हे पुढेही १,८००च.

ही पेन्शन किती काळ? मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंत. अठरा नव्हे, एकवीस नव्हे, पंचवीस. मूल कायमचं अपंग असेल तर आयुष्यभर. आमच्या हेडमास्तरांना हे पटेना. त्यांच्या मते त्यांच्या मेव्हण्याच्या मुलांची वेगळ्याच वयाला बंद झाली होती. मेव्हणे सरकारी नोकरीत होते. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे. केंद्राच्या नियमांत तर एका वेळी एकाच मुलाला मिळतं. म्हणून कुणी शेजाऱ्याचं उदाहरण सांगितलं की आधी विचारावं, मय्यत कुठल्या नोकरीत होता? त्यावर सगळं अवलंबून आहे.

या घरात मी एका वहीच्या पानावर तक्ता काढून दिला होता. मोठी २१ची, म्हणजे तिला आणखी चार वर्षं. ती पंचवीसची झाली की तिची जागा रिकामी होते आणि धाकटी, तेव्हा बारा वर्षांची, आत येते. मग मधला आणि धाकटी मिळून सहा वर्षं. मधला पंचवीसचा होईल तेव्हा धाकटी अठराची. नंतरची सात वर्षं ती एकटीच. म्हणजे अम्मी गेल्यापासून सतरा वर्षं या घरात ही पेन्शन येणार आहे. मोठीला एकूण ८६,४००, मधल्याला २,१६,०००, आणि जी आज रांगेत बाहेर उभी आहे त्या धाकटीला २,८०,८००. सगळे मिळून ५,८३,२०० रुपये. 'अठराला बंद' म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने मोठीला एक पैसाही मिळाला नसता, मधल्याला तीन वर्षं आणि धाकटीला दहा.

नानीने तक्ता बघितला आणि विचारलं, "बेटा, ये छोटीवाली को अब्बी कायकू नै?" एका वेळी दोघंच, हे मी तिला तीनदा समजावलं. तिला ते अन्यायाचंच वाटलं. मलाही वाटतं. घरात सगळ्यात जास्त खर्च त्या वेळी धाकटीचाच होता.

आता दुसरी समजूत, चाचाची.

मुलांचे दादा वडिलांच्या आधीच वारले होते. चाचा एकच. माणूस वाईट नाही, हे आधी सांगते. भाऊ गेला तेव्हा कफन-दफनापासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळं त्यांनीच केलं होतं. वहिनी आजारी पडल्यापासून तिचं एटीएम कार्ड त्यांच्याकडे होतं. ती गेल्यावरही ते त्यांच्याकडेच राहिलं, आणि पैसेही येत राहिले. पेन्शनरने वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिलेला असतो. मृत्यूची खबर कुणी दिलीच नाही तर त्या दाखल्याची मुदत संपेपर्यंत पेन्शन जमा होत राहते. तीन महिन्यांचे १०,८०० रुपये असे मय्यत बाईच्या खात्यात आले आणि काढलेही गेले. चाचांचं म्हणणं सरळ होतं. बाप नाही, दादा नाही, मग वली मी. शिवाय भावाच्या मालमत्तेत शरीयतने माझाही हिस्सा निघू शकतो.

मोहल्ल्यातल्या बुजुर्गांपुढे हे निघालं तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीला, जी आता वकिली करते, बोलावलं होतं. ती जे बोलली ते मला इतकं स्वच्छ वाटलं की घरी येऊन मी लिहून ठेवलं.

तिचा पहिला मुद्दा हा, की पेन्शन तरका नाही. मय्यत जे मागे ठेवून जातो, जमीन, घर, रोख, त्याचे फराइजप्रमाणे वाटे होतात. ही पेन्शन मय्यताची कधीच नव्हती. ती योजनेने थेट बेवेला आणि मुलांना दिलेली आहे. तिचे वाटे होत नाहीत. त्यात चाचाचा हिस्सा नाही, नानीचाही नाही.

दुसरा मुद्दा वलीचा. आमच्यात मुलाचा सांभाळ आणि मुलाच्या पैशाची देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांभाळाला हिजानत म्हणतात. त्यात आईनंतर नानीचा क्रम वरचा आहे, लहान मुलीच्या बाबतीत तर खासच. पण पैशाची, मालमत्तेची विलायत बापाकडे, तो नसेल तर बापाने वसीयत करून नेमलेल्याकडे, मग दादाकडे, मग दादाने नेमलेल्याकडे. यादी तिथेच संपते. चाचा त्यात नाही. मामा नाही, मोठा भाऊ नाही, बहीण नाही. ऐकायला कठीण वाटतं, पण पैशाच्या बाबतीत खुद्द आईसुद्धा त्या यादीत नाही. यादीतलं कुणी हयात नसेल तर वली कोर्ट नेमतं. हे फक्त आमच्यातच आहे असं नाही. हिंदू घरातही काका आपोआप पालक होत नाही. पण आमच्यात चाचा म्हणजे वली हे निकाहाच्या मजलिशीत पाहून पाहून डोक्यात बसलेलं असतं. निकाहातला वली आणि पैशाचा वली एक नाही.

चाचा गप्प झाले. यतीमाच्या मालाबद्दल कुरआनमध्ये काय बजावलं आहे ते त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, कुणाला बोलून दाखवायची गरज पडली नाही. सूरह निसामध्ये माल परत देताना साक्षीदार ठेवा असंही सांगितलं आहे. ही गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या आठवड्यात चाचांनी १०,८०० रुपये वहिनीच्या खात्यात परत भरले आणि कार्ड मोठ्या मुलीच्या हातात दिलं. बँकेला मृत्यूचा दाखला दिला, खातं थांबलं, आणि ते पैसे बँकेने पेन्शन कार्यालयाला परत पाठवले. हे केल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हतं. एका बाजूला बेवा पेन्शन चालू आणि दुसऱ्या बाजूला तिच्याच मुलांचा अनाथ म्हणून अर्ज, हे कसं चालेल?

अर्ज फॉर्म १०-डीमध्ये करायचा असतो. दोन्ही मय्यतांचे मृत्यू दाखले, अम्मीच्या पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, तिन्ही मुलांचे जन्मदाखले, आधार, फोटो, आणि ज्यांना पेन्शन मिळणार त्यांची स्वतंत्र बँक खाती. पीपीओ सापडायला चार दिवस लागले. तो शेवटी पिठाच्या डब्याखालच्या ट्रंकेत निघाला. माझं स्वतःचं काम त्यात एवढंच होतं की मधल्याचं बोनाफाइड काढून देणं आणि एक घोळ पकडणं. शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याची जन्मतारीख आणि नगरपालिकेच्या दाखल्यावरची तारीख यांत अकरा महिन्यांचं अंतर होतं. दाखल करताना कुणीतरी अंदाजाने तारीख घातलेली. पेन्शन पंचविसाव्या वाढदिवसाला थांबणार असेल तर अकरा महिने म्हणजे १९,८०० रुपये. शिवाय दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की अर्ज परत येतो. जन्मदाखल्यावरून रजिस्टर दुरुस्त करून घेतलं, आधारही. उर्दू शाळेत तर नावाचाही घोळ असतो. उर्दूत एकच असलेलं नाव मराठीत तीन आणि इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहिलेलं असतं. पीपीओवर जसं लिहिलं आहे तसंच सगळीकडे करून घ्यावं. पीपीओ बदलण्यापेक्षा ते सोपं पडतं.

मोठीला कुठल्याच पालकाची गरज नव्हती, ती सज्ञान. तिची पेन्शन जानेवारी २०२३मध्ये सुरू झाली. मधल्याच्या अर्जावर मात्र कार्यालयाने कोर्टाचा पालकत्वाचा दाखला मागितला. वकिलीणबाईंनी १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज केला. नानीच्या नावाने नाही, मोठ्या बहिणीच्या नावाने. नानी सत्तरीच्या पुढची. ती उद्या गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, हा त्यांचा विचार. मुलं नानीकडेच राहतील आणि पैशाची पालक बहीण, अशी मांडणी. आणि एक शहाणपणा त्यांनी केला. मधल्याबरोबर धाकटीचंही नाव त्याच अर्जात घातलं. धाकटीची पेन्शन सुरू व्हायला चार वर्षं होती, पण तेव्हा ती बाराचीच असणार, आणि पुन्हा कोर्टाची पायरी कशाला?

कोर्टाने चाचांना आणि नानीला नोटीस काढली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. दोघांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली. कायदा सांगतो की कोर्टाने मुलाचं हित बघायचं, नातं किती जवळचं ते, नेमल्या जाणाऱ्याची लायकी, आणि मूल जाणतं असेल तर त्याची इच्छाही. मधल्याला साहेबांनी विचारलं, पैसे कोणाकडे असावेत? तो म्हणाला, "बाजीकडे." का विचारल्यावर म्हणाला, ती वहीत लिहून ठेवते. सात महिन्यांनी आदेश मिळाला, वर्षाचा हिशेब कोर्टात देण्याच्या अटीवर. मधल्याची पेन्शन नोव्हेंबर २०२३मध्ये लागली, अम्मीच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या थकबाकीसह. उशीर झाला म्हणून मधल्या महिन्यांचा हक्क बुडाला नाही. त्या दीड वर्षात मात्र किराणा नानीच्या बांगड्यांवर चालला, हेही खरं.

आता हा रस्ता थोडा सोपा झाला आहे. ऑगस्ट २०२५मध्ये पीएफ संघटनेने परिपत्रक काढलं, की पैसे थेट अज्ञान मुलाच्या स्वतःच्या खात्यात जाणार असतील तर पालकत्वाचा दाखला मागू नये. चांगलं झालं. पण पेच पुरता सुटलेला नाही, तो खिडकी बदलून बँकेत गेला आहे. दहा वर्षांवरचं मूल स्वतः खातं उघडून चालवू शकतं, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे, मर्यादा बँकेने ठरवायच्या. दहाच्या आतलं मूल असेल तर खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फत उघडावं लागतं, आणि यतीमाकडे नैसर्गिक पालक नसतो. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलासाठी कोर्टाचा दाखला अजूनही लागू शकतो. जिथे नातेवाइकांत वाद आहे तिथे तर तो घेतलेलाच बरा. खात्यात पैसे मुलाच्या नावाने आले तरी पासबुक आणि कार्ड कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न उरतोच.

यावर्षी मधला अठरा वर्षांचा झाला. बहिणीचं पालकत्व त्या दिवशी कायद्याने संपलं, पण त्याची पेन्शन आणखी सात वर्षं आहे. गोंधळ नेमका इथे होतो. खातं अज्ञान म्हणून उघडलेलं असतं. अठरा पूर्ण झाल्यावर बँक नवीन सही आणि केवायसी मागते, तोवर व्यवहार अडतो, आणि घरचे म्हणतात, बघा, अठराला बंद झाली. बंद झालेली नसते, खातं अडलेलं असतं. तो बारावीचा पेपर देऊन आला आणि त्याच आठवड्यात बाजीबरोबर बँकेत जाऊन सही करून आला. हयातीचा दाखला आता तो स्वतः अंगठा लावून देईल. कोर्टात बाजीने त्याच्यापुरता शेवटचा हिशेब दिला. साक्षीदार म्हणून चाचांनी सही केली.

पुढच्या वर्षी मोठी पंचवीसची होईल. धाकटीची पेन्शन आपोआप सुरू होईल असं धरून आम्ही बसणार नाही. मोठीच्या वाढदिवसाच्या दोन महिने आधी अर्ज जाईल. धाकटीचं खातं उघडलं आहे, कोर्टाच्या आदेशाची प्रत ट्रंकेत नाही, माझ्या कपाटात आहे, आणि तिची शाळेतली जन्मतारीख मी दोनदा तपासून बघितली आहे.